उंबरठ्यावर अडलेला सारांश

«आमच्या गावात दर महिन्याला अभ्यासमंडळ भरतं. पुढच्या बैठकीत आषाढी वारीवरच्या एका इंग्रजी शोधनिबंधाचा मराठी सारांश मला वाचून दाखवायचा आहे. निबंध २८ पानांचा, मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांच्या मांडणीवर बेतलेला. मला तो १,५०० शब्दांत बसवायचाय. ऐकणाऱ्यांत शिक्षक आहेत, दोन कीर्तनकार आहेत आणि वीस-वीस वाऱ्या केलेली माणसं आहेत. लिमिनॅलिटी, कम्युनितास, अँटी-स्ट्रक्चर, कल्ट, रिच्युअल या शब्दांपाशी गाडी अडली आहे. कोशातले प्रतिशब्द घातले तर एक वाक्य असं झालं: ‹वारीच्या उंबरठावस्थेत वारकऱ्यांमध्ये समरसता निर्माण होऊन संरचनाविरोधी अवकाश आकारास येतो.› ते माझं मलाच कळत नाही. इंग्रजी शब्द तसेच ठेवू का?»
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

बाई, तुमच्या यादीतला सगळ्यात अवघड शब्द इंग्रजीतही नव्हता. टर्नर आफ्रिकेतल्या न्देम्बू लोकांचे विधी पाहत होते. तिथं माणसं काही काळापुरती मानपान, नातं, अधिकार सगळं बाजूला ठेवून एकमेकांना नुसती माणूस म्हणून भेटतात, असं त्यांना दिसलं. याला नाव काय द्यायचं? ‘कम्युनिटी’ म्हटलं तर इंग्रजी वाचकाला गाव, वस्ती, एकत्र राहणारा समाज आठवणार. म्हणून १९६९ च्या पुस्तकात त्यांनी मुद्दाम लॅटिनमधून ‘कम्युनितास’ उचलला आणि तो का उचलला हेही लिहून ठेवलं. ‘लिमिनॅलिटी’चं मूळही लॅटिनच, ‘लिमेन’ म्हणजे उंबरठा. मराठीत शब्द नाही म्हणून तुम्ही अडलात, तसेच इंग्रजीत शब्द नाही म्हणून तेही अडले होते. त्यांनी परका शब्द घेतला आणि त्याचा अर्थ चार वाक्यांत सांगितला. तुम्हाला मराठीत आणायची आहेत ती ही चार वाक्यं. शब्द कुठला ठेवायचा हे त्यानंतर ठरवा.

म्हणून कोश तूर्त मिटून ठेवा आणि निबंधात प्रत्येक शब्द पहिल्यांदा कुठं समजावला आहे ते पान शोधा. बहुतेक वेळा ते पहिल्या पाच-सहा पानांत असतं. तिथं लेखक या शब्दाकडून कोणतं काम करून घेतोय, हे एका मराठी वाक्यात लिहा. अट एकच: त्या वाक्यात तो शब्द किंवा त्याचा प्रतिशब्द येता कामा नये.

आता तुमच्या वाक्यातली ‘समरसता’ घेऊ, कारण खरी गफलत तिथं आहे. वाक्य जड झालंय ही त्यामानानं किरकोळ तक्रार. ‘कम्युनितास’साठी ‘समता’, ‘बंधुभाव’, ‘समरसता’ असे शब्द पटकन सुचतात आणि ते कानाला गोडही लागतात. पण समता हे मूल्य आहे. ती असावी असं आपण म्हणतो, तिच्यासाठी कायदे करतो, भांडतो. टर्नर ज्याबद्दल बोलतात तो अनुभव आहे. तो येतो आणि ओसरतो. ‘समरसता’ तर गेली काही दशकं राजकीय व्यासपीठावर वावरलेला शब्द. तुमच्या बैठकीत तो उच्चारला की निम्म्या लोकांच्या भुवया वर जातील, उरलेले निम्मे माना डोलावतील, आणि दोघांच्याही मनात जे येईल ते निबंधात नसेल.

यात आणखी एक पेच आहे. वारीत खरंच अशी भेट घडते का, घडली तर कितपत, हाच अशा निबंधाचा प्रश्न असतो. तुम्ही ‘समता निर्माण होते’ असं लिहिलंत की प्रश्नाच्या जागी उत्तर बसतं. टर्नरनी स्वतः पंढरपूरच्या वारीवर लिहिलं आहे, पण ते वारी चालले नव्हते. त्यांनी आधार घेतला तो फादर देल्युरी यांच्या १९६० च्या पुस्तकाचा आणि इरावती कर्वे यांच्या वारीवरच्या लेखाचा. कर्वेबाईंना काय दिसलं? त्यांच्या दिंडीत ब्राह्मण होते, मराठे होते. चालणं एकत्र, अभंग एकत्र, पण स्वयंपाक आणि पंगती वेगळ्या. त्यांना ते सलत राहिलं. मराठा बायकांबरोबर त्या जेवल्या, तेव्हा कुठं त्या बायका मोकळ्या झाल्या आणि हात धरून चालू लागल्या. म्हणजे वारीत भेद विरघळतात असंही नाही आणि जसेच्या तसे राहतात असंही नाही. टर्नरना हे ठाऊक होतं. उत्स्फूर्त उसळणारा कम्युनितास आणि तो टिकावा म्हणून नियमांत बसवलेला कम्युनितास, असा फरक ते करतात आणि यात्रा दुसऱ्या प्रकारात घालतात. वारकऱ्याला हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले, वीणा कुणाच्या गळ्यात ते ठरलेलं, समाजआरतीला चोपदारानं चोप उंचावला की टाळ थांबायचे हेही ठरलेलं. एवढ्या शिस्तीतच माणसं एकमेकांना ‘माऊली’ म्हणत पाया पडतात. ‘समरसता’ लिहिलंत की निबंधातला हा सगळा बारीक भाग पुसला जातो.

तुम्ही विचाराल, मग तुकोबांचं काय? ‘वर्ण अभिमान विसरली याति । एकएकां लोटांगणीं जाती’ ही ओळ बैठकीतल्या प्रत्येकाला पाठ असणार आणि कम्युनितास म्हणजे काय ते ती एका फटक्यात सांगते. जरूर वापरा. फक्त एक वाक्य पुढं जोडा: तुकोबा वाळवंटात नाचणाऱ्यांतले एक होऊन गातात, आणि निबंधलेखक बाहेर उभा राहून, हे कधी घडतं आणि किती टिकतं, असं विचारतो. हे वाक्य राहिलं तर निबंध म्हणजे अभंगाचं निरूपण होईल आणि दोन्ही कीर्तनकार त्यात तुमच्यापेक्षा तरबेज आहेत.

म्हणून माझं मत: ‘कम्युनितास’ देवनागरीत तसाच ठेवा. आधी वर्णन, मग ‘याला टर्नर कम्युनितास म्हणतात’ एवढं एकदा, आणि पुढं तोच शब्द. सारांशात तो पाच-सहा वेळाच येईल. तेवढा परका पाहुणा ऐकणाऱ्यांना जड नाही.

‘लिमिनॅलिटी’च्या बाबतीत मात्र मी उलट सांगेन. तिथं मराठीकडं मोठी ठेव आहे. हिरण्यकशिपूला मरण घरात नाही, घराबाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही. नरसिंहानं त्याला गाठलं तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर. ना आत ना बाहेर, ना हे ना ते, अशी मधली जागा आणि तिथं नेहमीचे नियम चालत नाहीत, ही कल्पना आपल्या लहान मुलांनाही गोष्टीतून माहीत असते. तेव्हा ‘उंबरठा’ हा शब्द तुम्ही योग्य निवडला होता. बिघडला तो ‘अवस्था’ चिकटवून संधी केल्यावर. ‘उंबरठावस्था’ कानाला एखाद्या आजारासारखी लागते. ‘उंबरठ्यावरचे दिवस’, ‘उंबरठ्यावरचा माणूस’ असं सोडवून लिहा. इंग्रजीतली भाववाचक नामं मराठीत आणताना बहुतेकदा क्रियापदाची किंवा षष्ठीची वाट सोपी पडते.

ही कल्पना टर्नरच्याही आधीची, १९०९ सालची, आर्नल्ड व्हान जेनेप यांची. माणूस एका स्थितीतून दुसरीत जातो तेव्हाच्या विधींचे त्यांनी तीन टप्पे सांगितले: जुन्यापासून सुटणं, मधे असणं, नव्यात सामील होणं. तुमच्या निबंधात हे असणारच. मंडळींना मुंजीचं उदाहरण द्या. मातृभोजन म्हणजे सुटणं, भिक्षा मागत गुरूकडं राहणारा बटू म्हणजे मधला, आणि सोडमुंज म्हणजे परत येणं. शास्त्रात त्याला समावर्तन म्हणतात आणि त्याचा अर्थच परत फिरणं असा आहे. पहिल्या टप्प्याला मात्र ‘विलगीकरण’ म्हणू नका. कोशात तो शब्द ठीक दिसेल, पण २०२० नंतर त्याला इस्पितळाचा वास लागला आहे. ‘प्रस्थान’ही नको, जरी मोह होईल, आळंदीहून माऊलींच्या पालखीचं प्रस्थान ही एक ठरावीक घटना आहे, आणि न्देम्बूंच्या विधीतल्या टप्प्याला तोच शब्द वापरला तर ऐकणारा गोंधळेल. साधं ‘सुटणं’ पुरे.

‘अँटी-स्ट्रक्चर’चं थोडक्यात. टर्नर ‘स्ट्रक्चर’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात पद, जात, नातं, वय यांनी ठरवलेली माणसांची मांडणी असते. ‘अँटी’ म्हणजे तिच्याविरुद्ध बंड नव्हे. ती मांडणी सैल पडलेली स्थिती. ‘संरचनाविरोधी’ म्हटलं की वारी हे जातिव्यवस्थेविरुद्धचं आंदोलन होतं, असा अर्थ निघतो. तसं मानणारे अभ्यासक आहेतच, पण तुमचा लेखक ते म्हणत असेल तरच ते त्याच्या तोंडी घाला. ‘एरवीची मांडणी सैलावते’ एवढ्यानं भागतं आणि या शब्दाला वेगळं नाव लागतच नाही. २८ पानांतल्या प्रत्येक संज्ञेला सारांशात जागा मिळालीच पाहिजे असं कुठं आहे?

तुमचं वाक्य मी असं लिहीन:

«वारीला निघालेला माणूस घरी नसतो आणि पंढरीला पोचलेलाही नसतो. या मधल्या दिवसांना लेखक उंबरठ्यावरचे दिवस म्हणतात. टर्नर यांचा शब्द आहे लिमिनॅलिटी. या दिवसांत एरवीची मांडणी, म्हणजे कोण मोठा, कोण कुठल्या जातीचा, कोण कुणाचा मालक, ही सैलावते, आणि माणसं एकमेकांना नुसती माणूस म्हणून भेटू शकतात. अशा भेटीला टर्नर कम्युनितास म्हणतात. ती प्रत्येक दिंडीत, रोज घडते असा लेखकाचा दावा नाही. पंगत वेगळी राहूनही ती कशी घडते, हे त्यांना पाहायचं आहे.»

तुमच्या दहा शब्दांचे सत्तरेक झाले. म्हणून उदाहरणांत काटकसर करा, संज्ञांच्या ओळखीत नको. १,५०० पैकी ३०० शब्द या दोन संज्ञांवर गेले तरी चालतील, कारण निबंधाचा सगळा भार त्यांच्यावर आहे. शेवटचं वाक्य मी वर सांगितलेल्या जुन्या लेखनाच्या अंदाजानं घातलं आहे. तुमच्या निबंधात तसं आहे का ते ताडून पाहा, नसेल तर काढा.

आता एका अशा शब्दाकडं वळते, जो तुमच्या यादीत नाही, म्हणून मला त्याची जास्त काळजी वाटते: ‘पिल्ग्रिमेज’. तो सोपा वाटला असणार. पण ही वारी इंग्रजीत जाताना पिल्ग्रिमेज झाली आणि तुम्ही परत आणताना ती तीर्थयात्रा होईल. वारकऱ्याला तीर्थयात्रा आणि वारी यांतला फरक सांगावा लागत नाही. काशीला माणूस जन्मात एकदा जातो, गंगेत स्नान करतो, श्राद्ध करतो, गंगाजळी घेऊन येतो. वारी चुकवायची नसते. ती येरझार आहे, व्रत आहे, आणि तिच्यात पोचण्याइतकंच चालण्याला मोल आहे. म्हणून पंढरपूरविषयी असेल तिथं ‘वारी’ लिहा, आणि लेखक मक्का, लूर्द, पंढरपूर यांना एका ओळीत बसवतो तिथं ‘यात्रा’. इंग्रजीत एकच शब्द असल्यामुळं लेखक एकीकडून दुसरीकडं सहज सरकतो. मराठीत तो सांधा उघडा पडतो. तो झाकू नका. ‘लेखक इथं वारीची गणना जगभरच्या यात्रांत करतात’ असं म्हणून पुढं चला. बैठकीत चांगली चर्चा झाली तर ती इथूनच होईल, असा माझा होरा आहे.

असेच मूळचे मराठी शब्द आणि वाक्यं इंग्रजी वेषात निबंधभर असतील. त्यांचं भाषांतर करायचं नाही, त्यांना घरी आणायचं. कर्वेबाईंचा लेख इंग्रजीत १९६२ मध्ये आला, पण तो मुळात मराठी. ‘वाटचाल’ हे त्याचं नाव. निबंधात त्यातला उतारा असेल तर मराठी लेख काढा आणि तिथलं वाक्य उतरवा. अभंगांचं तसंच, गाथा उघडा. इंग्रजीवरून उलटं मराठी केलेला तुकाराम त्या बैठकीत वाचलात तर सारांश तिथंच संपेल! आणि मूळ ओळ शोधल्यावर कधी कधी इंग्रजी भाषांतराची चूकही सापडते. ‘विष्णुमय जग वैष्णवांचा धर्म’ यातला ‘धर्म’ इंग्रजीत ‘रिलिजन’ झालेला असला, तर लेखकाचा त्यावरचा युक्तिवाद जरा जपून घ्या. तिथं धर्म म्हणजे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती या अर्थाचा धर्म नाही; वैष्णवानं कसं वागायचं, जगाकडं कसं पाहायचं, ते आहे.

‘कल्ट’ हा तर फसवा शब्द. वर्तमानपत्री इंग्रजीत तो बुवाबाजीचा वास असलेल्या टोळीला लावतात. धर्माच्या अभ्यासात मात्र अजूनही त्याचा जुना, निरुपद्रवी अर्थ चालतो: एखाद्या देवाभोवतीची पूजाअर्चा, उत्सव, सेवा. देल्युरींच्या पुस्तकाच्या नावातच ‘द कल्ट ऑफ विठोबा’ आहे आणि ते विठोबाची निंदा करत नव्हते. इथं ‘उपासना’ लिहा. ‘पंथ’ नको, ‘संप्रदाय’ही नको, संप्रदायात गुरुपरंपरा, माळ, नेम हे सगळं येतं, आणि विठ्ठलाची उपासना संप्रदायाबाहेरची माणसंही करतातच.

‘रिच्युअल’पाशी मी स्वतः एकदा तोंडघशी पडले आहे. एका चर्चासत्रासाठी केलेल्या सारांशात मी ‘कर्मकांड’ लिहिलं. मीमांसेत तो साधा, तटस्थ शब्द आहे, हा माझा आधार. पण सुधारकांच्या दीडशे वर्षांच्या टीकेनंतर मराठीत कर्मकांड म्हणजे पोकळ उपचार. एक वृद्ध गुरुजी उठले आणि लेखकानं कधी न केलेल्या आरोपाला त्यांनी अर्धा तास उत्तर दिलं. गुरुजींचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून मी ‘विधी’ लिहिते आणि लेखक खरोखर टीका करत असेल तिथंच ‘कर्मकांड’. रिंगणाला मात्र ‘विधी’ म्हटलेलंही मंडळींना रुचणार नाही. त्यांच्या लेखी तो खेळ आहे, सोहळा आहे. तिथं ‘लेखक रिंगणालाही विधीच मानतात’ असं स्पष्ट म्हणा, म्हणजे मत कुणाचं ते कळेल.

भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि विश्वकोशातल्या नोंदी आता उघडा. आधी उघडलं असतं तर तिथला पहिला शब्द तुम्ही उचलला असता; आता तुमच्याकडं प्रत्येक संज्ञेचं एकेक वाक्य आहे, त्याच्याशी कोशातला शब्द ताडून पाहता येईल. जुळला तर घ्या, कारण रूढ शब्द असताना नवा पाडण्यात शहाणपण नाही. जो ठरेल तो एका कागदावर लिहून समोर ठेवा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. मराठी शाळेनं आपल्याला शब्दाची पुनरुक्ती टाळायला शिकवलं आहे, त्यामुळं एकाच परिच्छेदात विधी, आचार, उपचार, संस्कार असे चार शब्द आपोआप येतात. ऐकणाऱ्याला त्या चार वेगळ्या गोष्टी वाटतात.

कंस नकोतच. वाचून दाखवताना कंस ऐकू येत नाहीत. पाहिजे तर पाच-सहा संज्ञा फळ्यावर लिहून ठेवा, म्हणजे कुणाला पुढं शोधायचं असेल तर सापडतील.

बैठकीच्या आठवडाभर आधी, इंग्रजी निबंध न पाहिलेल्या एखाद्या वारकऱ्याला सारांश वाचून दाखवा आणि ‘लेखक काय म्हणतो ते मला सांगा’ असं विचारा. ‘समजलं का?’ असं विचारू नका, हो म्हणतील. ‘लेखक म्हणतो वारीत जात राहत नाही’ असं उत्तर आलं तर कम्युनितासची ओळख पुन्हा लिहा. ‘लेखक म्हणतो वारी म्हणजे बंड’ असं आलं तर कुठंतरी ‘विरोध’ शिल्लक राहिला आहे. आणि ते म्हणाले की ‘लेखक म्हणतो ते खरं, पण आमच्या दिंडीत पंगत आता एकच असते’, तर सारांश पोचला असं समजा आणि त्यांना बैठकीला नक्की बोलवा.